जर्मनमधे त्सु कधी लावायचा, कधी नाही

एका क्रियापदाला दुसरं जोडताना दुसऱ्याच्या आधी कधी त्सु हा छोटा शब्द लागतो, कधी नाही. मोडल क्रियापदांचं, म्हणजे शकणं, लागणं, हवं असणं अशा अर्थाच्यांचं सोपंय, क्योनन, म्युसन, वोलन वगैरेंसोबत त्सु कधीच येत नाही. इश मुस आर्बाइटन, म्हणजे मला काम करावं लागतंय, बास. पण फरझूखन म्हणजे प्रयत्न करणं, तिथे त्सु हवाच: इश फरझूखे त्सु श्लाफन, झोपायचा प्रयत्न करतोय.

खरी गडबड गेएन आणि लेर्ननला होते, कारण आपण मराठीत "खरेदी करायला जातो", "पोहायला शिकतो" म्हणतो आणि ते "-ायला" बघून हात आपोआप त्सुकडे जातो. गेएनला तो नको: इश गेए आइनकाउफन, खरेदीला चाललोय. हेतू वेगळा सांगायचा असेल तर मात्र नुसता त्सुही चालत नाही, उम लागतो: इश गेए इन डी श्टाट, उम ब्रोट त्सु काउफन, म्हणजे ब्रेड घ्यायला शहरात जातोय.

लेर्नन दोन्हीकडचं आहे आणि मला हेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. एकटं क्रियापद असेल तर सहसा त्सु नाही, इश लेर्ने श्विमन. पण त्याला कर्म वगैरे जोडून वाक्य लांबलं की त्सु येतो: इश लेर्ने, माइन फारराड झेल्ब्स्ट त्सु रेपारीरन, स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करायला शिकतोय. मधल्या लांबीला, म्हणजे एखादाच शब्द जोडलेला असेल तेव्हा, दोन्ही ऐकू येतं, त्यामुळे तिथे एकच उत्तर बरोबर असा हट्ट धरू नका.

अजून एक, आनरूफन, म्हणजे फोन करणं, अशा तुटणाऱ्या क्रियापदात त्सु मधे घुसतो, आनत्सुरूफन, एकच शब्द.