साडीची चप्पल वेगळी, स्कर्टची वेगळी : सात महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीजवळच्या एका मंगल कार्यालयात मी पाहुण्यांच्या स्वागताला उभी असते. सकाळी लग्नाला काठापदराची साडी, संध्याकाळी रिसेप्शनला पोटरीपर्यंतचा स्कर्ट. दोन्ही मिळून सहा-सात तास पायांवर. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले तेव्हा घेतलेल्या दोन जोड्या आज जूनपर्यंत वापरल्या, त्यांचा हा अनुभव.

आधी जुन्या जोडीबद्दल. तीन इंची ब्लॉक हील, पुढे जेमतेम अर्धा इंच. टाच जाड, म्हणून आराम मिळेल असं वाटलं होतं. पण पायाला कळते ती टाच आणि चवडा यांच्या उंचीतली तफावत. इथे ती अडीच इंच होती, म्हणजे सगळं वजन चवड्यावर. दोन तासांत चवडे पेटायचे.

त्याहून वाईट झालं ते मांडवात. साडी त्या चपला घालूनच नेसले होते, निऱ्या बरोबर जमिनीला टेकतील अशा. अक्षतांचं तबक घेऊन वर ये म्हणाले. चप्पल काढली आणि एका क्षणात साडी तीन इंच लांब झाली. दुसऱ्याच पावलाला निऱ्यांवर पाय, पिनेपाशी दोन बोटं साडी फाटली. तबक वाचलं, एवढंच.

म्हणून साडीसाठी नवीन जोडी घेतली ती मागे दीड इंच, पुढे पाऊण इंच अशी सलग तळाची वेज. तफावत पाऊण इंचाचीच. पुढचा तळ जाड आहे, दिसायला ओबडधोबड, पण निऱ्यांखाली कोण बघतंय? आता साडी नेसताना ही चप्पल पायात असते आणि काठ जमिनीपासून एक इंच वर ठेवते. चप्पल काढली की अर्धा इंचच लोळते, मग निऱ्या हाताने किंचित उचलल्या की काम भागतं. उभी असताना चपलेचं टोक थोडं दिसतं, ते मला चालतं.

दुसरी गोष्ट बकलची. साडीला बकल नको. परकराची लेस आणि फॉलचा दोरा त्यात अडकतो, आणि मांडवाच्या पायरीवर वाकून बकल सोडायला हात मोकळे नसतात. नुसती सरकवायची चप्पल घेतली तर बोटांनी ती धरून ठेवावी लागते आणि तासाभरात बोटांना गोळे येतात. माझ्या जोडीला मागे इलॅस्टिकचा पट्टा आहे. एका पायाने दुसऱ्याची टाच दाबली की निघते. हा पट्टा मात्र मे महिन्यात सैल पडला, चपला शिवणाऱ्या काकांकडून बदलून घेतला.

स्कर्टचं गणित उलटं. लोळायला काही नसतं, चप्पल काढायची वेळही क्वचित, पण पाऊल पूर्ण दिसतं. जाड तळ तिथे बोजड वाटतो. म्हणून दीड इंचाची रुंद टाच, पातळ पुढचा भाग, आणि बकल हवंच. उभं राहून राहून संध्याकाळी पाय सुजतात. सकाळी तिसऱ्या भोकात बसणारा पट्टा रात्री शेवटच्या भोकात जातो. म्हणून ही जोडी मी मुद्दाम कामावरून सुटल्यावर, सुजलेल्या पायांनी घेतली. तफावत एक इंच, त्यामुळे चार तासांनंतर चवडे बोलू लागतात. रिसेप्शनला तेवढे पुरतात. एकदा समुद्राकाठच्या हॉटेलवर कार्यक्रम होता, तिथे पुळणीत ही रुंद टाचही रुतली. वेज तिथे बरी चालली असती, तिचा तळ सलग असतो.

तक्रार : वेजच्या आतला ईव्हीए फोम फेब्रुवारीत चवड्याखाली बसला. अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. आत पातळ पॅड टाकून भागवलं.

आणि आपल्याकडच्या हवेचा मुद्दा. माझी एक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या तळाची जोडी दोनदाच घातलेली, पावसाळाभर पिशवीत बांधून माळ्यावर होती. नोव्हेंबरात काढली तर तळ शिऱ्यासारखा सुटून हातात आला. दमट हवेत पीयूची घडण आतून तुटत जाते, न वापरताही. नखाने दाबून बघावं : चिकट लागलं, मोडीपाशी बारीक भेगा दिसल्या, तर ती जोडी भर लग्नात दगा देणार. रबराचा किंवा ईव्हीएचा तळ असा भुगा होत नाही. ईव्हीए दबतो, वर सांगितलं तसा. म्हणून दुकानात मी आता रंगाआधी तळ कशाचा ते विचारते. नव्या दोन्ही जोड्या यंदा पिशवीत न बांधता मोकळ्या मांडणीवर ठेवल्यात, चुलीच्या भिंतीपासून लांब आणि खिडकीच्या झडीपासूनही.