‘झपाटलेला २’ बघावा की राहू द्यावा?

‘झपाटलेला’ १९९३चा, दुसरा भाग २०१३चा. दिग्दर्शक महेश कोठारेच, तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचाच, बाहुलं रामदास पाध्यांचंच. नाही तो फक्त लक्ष्मीकांत बेर्डे; २००४ साली तो गेला.

न बघण्याच्या बाजूचं कारण हेच, आणि ते मोठं आहे. पहिल्या भागात आपण बाहुल्याला घाबरायचो ते लक्ष्याच्या चेहऱ्यावरची भीती बघून. तो घाबरा, धांदरट चेहराच नसेल, तर त्याच बाहुल्याची दहशत अर्धी होते. वर थ्रीडीसाठी मुद्दाम अंगावर येणारी दृश्यं आहेत. घरच्या टीव्हीवर त्यांची मजा जाते.

तरी मी बघण्याच्या बाजूची आहे. लक्ष्याच्या जागी दुसऱ्या कुणाला लक्ष्या म्हणून उभं केलेलं नाही. गोष्ट त्याच्या मुलाकडे, आदित्यकडे जाते, आणि ती भूमिका आदिनाथ कोठारे करतो. त्यामुळे जुन्या लक्ष्याला धक्का लागत नाही. तात्या विंचूसाठी जीव टाकत असाल तर खुशाल बघा. लक्ष्यासाठीच बघणार असाल, तर पहिलाच पुन्हा लावा.