मायनस जास्त देऊन ‘चाळिशी’ विकली : १६,४५० रुपयांचा धडा

आधीच सांगतो, मी अडाणी गिऱ्हाईक नाही. दहावीला भिंगांचं प्रकरण शिकवतो. चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते डायॉप्टर म्हणजे काय, निकटदृष्टितेला अंतर्गोल भिंग का लागतं, हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. तरीही चष्म्याच्या एका चकचकीत दुकानात मला दोनदा फसवलं, तेही माझ्याच विषयात. आधी ३,६५० रुपये (फ्रेम १,४५०, काचा २,२००), मग तीन आठवड्यांनी १२,८०० रुपये. म्हणून ही लाज बाजूला ठेवून लिहितोय.

वय ४२. जुना नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस २.५०. दुकानात ‘मोफत कॉम्प्युटर तपासणी’ होती. ते मशीन तुम्ही पाहिलं असेल: हनुवटी टेकवायची, आत रस्त्याच्या टोकाला एक फुगा दिसतो. चित्रातला फुगा लांब असला तरी डोळ्याला कळतं की आपण जवळच्या डब्यात डोकावतोय. मग जवळचं बघायला डोळ्यातलं भिंग फुगतं आणि मशीन खऱ्यापेक्षा जास्त मायनस दाखवतं. मशीनचा आकडा ही सुरुवात असते, नंबर नव्हे. माझी चिठ्ठी निघाली मायनस ३.७५.

आता तो क्षण. आठवला की अजून संताप होतो. ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत तो मुलगा विचारत होता, “सर, आता जास्त काळं दिसतंय ना?” आणि मी “हो” म्हणत होतो. तक्त्यावरची ६/६ ची, म्हणजे चांगल्या नजरेची ओळ मी आधीच वाचली होती! पुढच्या प्रत्येक काचेने एकही जास्तीचं अक्षर दिसलं नाही, अक्षरं फक्त बारीक आणि काळी होत गेली. गरजेपेक्षा जास्त मायनस दिला की नेमकं हेच होतं. तिथेच थांबवायला हवं होतं. पण खुर्चीत बसलेला माणूस विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो, आणि प्रश्नच चुकीचा होता. “काळं दिसतंय का” नव्हे, “जास्त अक्षरं वाचता येतात का” हे विचारायला हवं. सर्वांत चांगलं दिसेल असा सर्वांत कमी मायनस, हाच नियम.

जास्त मायनसने नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच लपते. निकटदृष्टितेत लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. मायनस भिंग किरण थोडे पसरवून ती मागे, पटलावर नेतं. मायनस जास्त झाला की प्रतिमा पटलाच्याही मागे जाते. म्हणजे चष्म्यानेच तुम्हाला दूरदृष्टिता आणून दिली! पण डोळ्यातलं भिंग फुगून प्रतिमा पुन्हा पटलावर ओढून आणतं, त्यामुळे लांबचं झकास दिसतं आणि संशय येत नाही. खरी दूरदृष्टिता असलेली तरुण मुलंही प्लसच्या चष्म्याशिवाय अशीच वर्षानुवर्षं निभावून नेतात, डोकं दुखेपर्यंत.

हे फुगणं फुकट होत नाही. ४० सेंटीमीटरवरचं पुस्तक वाचायला २.५० डायॉप्टर जोर लागतो. माझा खरा नंबर पुढे डॉक्टरांकडे मायनस २.७५ निघाला, म्हणजे दुकानाने १.०० जास्त दिला होता. मग वाचताना लागणारा जोर झाला ३.५०. विशीत हे जाणवलं नसतं. बेचाळिशीत डोळ्याची फुगण्याची एकूण ताकद साधारण पाच-सहा डायॉप्टरच उरते आणि त्यातली निम्मी-अर्धी राखीव ठेवली तरच आरामात वाचता येतं. दोन आठवड्यांत पेपर तपासताना अक्षरं पोहायला लागली, संध्याकाळी कपाळ ठणकायचं.

परत गेलो तर उत्तर तयार: “सर, चाळिशी लागली. प्रोग्रेसिव्ह घ्या.” माझं वय बघून कोणीही विश्वास ठेवेल, मीही ठेवला. वरचा भाग मायनस ३.७५, खाली वाचायला प्लस १.२५ ची भर. आता बेरीज करा. मायनस ३.७५ अधिक १.२५ म्हणजे मायनस २.५०. माझा जुना चष्मा! जो घरी ड्रॉवरमध्ये पडला होता, त्याच्याच नंबरातून वाचायला मी १२,८०० रुपये मोजले.

उघडकीला आलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तिथे आधी प्लसकडे झुकवून दृष्टी मुद्दाम धूसर केली, म्हणजे डोळा फुगवून उपयोग होत नाही, आणि मग ०.२५ च्या पायऱ्यांनी मायनस वाढवत ६/६ आल्याबरोबर थांबले. लाल-हिरव्या पाट्यांवर दुकानाच्या चष्म्यातून हिरव्यावरची अक्षरं ठळक दिसत होती, ती मायनस जास्त असल्याची खूण. डॉक्टरांनी काढलेल्या नंबरातून मी बारीक टाइप सहज वाचला. चाळिशी कधीतरी लागेलच, पण ती महिन्यामहिन्याने हळूहळू येते. नवा चष्मा आला आणि पंधरा दिवसांत वाचता येईना, तर आधी लांबचा नंबर तपासून घ्या.

घरी टेपने पडताळता येतं. चष्मा काढा, एक डोळा झाका, पेपरातला बारीक मजकूर हळूहळू लांब न्या. अक्षरांची कड जिथे पहिल्यांदा विरघळते ते डोळ्यापासूनचं अंतर मोजा आणि १०० ला त्या सेंटीमीटरने भागा. माझं ३६ आलं, म्हणजे जवळजवळ २.७५. नंबर खरंच ३.७५ असता तर २७ वरच अक्षरं फुटली असती. तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, जास्त असेल तर कड नीट सापडत नाही, आणि प्लसच्या नंबराला ही युक्ती चालत नाही. नवा नंबर यावरून ठरवू नका, पण एका डायॉप्टरची लबाडी पकडायला पुरते.

आणि चाळिशीच्या आसपास मायनस एकदम सव्वाने वाढला असं कोणी म्हणालं तर दुकानात काचा निवडत बसू नका. रक्तातली साखर वाढली किंवा मोतीबिंदू सुरू झाला तरी असं होतं. ते डॉक्टरांनी बघायचं.

तक्रारीचं तर विचारू नका. दुकानाचं म्हणणं, “तुम्हीच काळं दिसतंय म्हणालात.” बिलावर फक्त ‘चष्मा १ नग’, नंबरच नाही. चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला. तक्रार निवारणाच्या फोनवर एकवीस मिनिटं थांबल्यावर विचारलं, “वस्तू तुटली का?” तुटली नाही म्हटल्यावर तक्रार ‘सेवा समाधानकारक’ शेरा मारून बंद! एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने डोळ्यांचा प्रश्न म्हणून आरोग्य खात्याकडे, तिथे म्हणाले चष्मा ही वस्तू आहे, ग्राहक खात्याकडे जा. चुकीचा नंबर ही वस्तूतली खोट की सेवेतली, हे ठरवायलाच कोणी तयार नाही. दरम्यान पोरांचे चष्मे त्याच खुर्चीत बनताहेत, आणि त्यांचे डोळे तर आणखी जोरात फुगतात. लहान मुलांचा नंबर डोळ्यात थेंब घालून तपासल्याशिवाय चष्मा करू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, तिकडे अर्ज लिहितोय. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुसऱ्या एका दुकानात लेन्सोमीटरवर, म्हणजे तयार काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही चष्मे मोजून घेतलेले आकडे. त्या मोजणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, पाच मिनिटं लागली. तुमचा नवा चष्मा हातात आला की त्याच दिवशी हे करा, दुसऱ्या दुकानात, आणि आकडे बिलावर लिहून सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.