डीबीएस करायचं ठरलं, पण तार मेंदूत कुठे बसवायची? एसटीएन की जीपीआय

कंपवाताच्या पेशंटला नागपुरात डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून यंत्राने विजेचे ठोके देण्याचं ऑपरेशन, सुचवलं की घरच्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, दुसरा जिवाच्या धोक्याचा. धोका खरा आहे: शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो. पण तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तार मेंदूतल्या पेशींच्या कोणत्या पुंजक्यात बसणार? गावाकडच्या माणसासाठी पुढची कितीतरी वर्षं त्या उत्तरावर अवलंबून असतात.

जागा मुख्यतः दोन. एक सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे एसटीएन. दुसरी ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग, म्हणजे जीपीआय. तिसरी थॅलॅमस या मेंदूच्या भागातली व्हिम. ती थरथर थांबवते, पण कंपवाताचा ताठपणा आणि मंदपणा तसाच राहतो, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं की एसटीएन जास्त चेकाळतं, जीपीआयला ढोसतं, आणि जीपीआय हालचालीचा पुढचा रस्ता दाबून धरतो. शिवाय या पेशी सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा एकाच ठेक्यात धडधडू लागतात. दिंडीत सगळ्यांचे पाय एकाच तालात पडत असताना एखाद्याला वेगळं पाऊल टाकणं जड जातं, तसं हालचाल सुरू करणं जड होतं. डीबीएसचे ठोके सेकंदाला साधारण १३० असतात. आधी वाटायचं की ते हा पुंजका नुसता बंद पाडतात. आता दिसतं ते असं की जवळच्या पेशी शांत होत असल्या तरी बाहेर जाणारे तंतू यंत्राच्या ठेक्यावर चालू लागतात आणि तो जुना सामूहिक ताल मोडतो. करंट बंद केला की ताल परत येतो. आजार बरा होत नाही, त्याचा खेळ बिघडवला जातो, एवढंच.

हालचालीच्या सुधारणेत दोन्ही जागा जवळजवळ सारख्या. २०१० साली अमेरिकेत २९९ पेशंटवरच्या चाचणीत दोन वर्षांनी हेच दिसलं. फरक बाकीच्या गोष्टींत पडला. एसटीएनवाल्यांच्या गोळ्या जास्त कमी झाल्या. मनाची उदासी मात्र एसटीएनमध्ये थोडी वाढली, जीपीआयमध्ये थोडी घटली.

यामागे नकाशा आहे. एसटीएन लहान आहे आणि हालचालीचा भाग त्याच्या वरच्या-बाहेरच्या टोकाला असतो. आत सरकलात की भावनांचा भाग लागतो: माणूस विनाकारण हसतो, उधळेपणा करतो किंवा गप्प होतो. बाहेर करंट पसरला तर शेजारच्या इंटर्नल कॅप्सूलला, म्हणजे हालचालीचे हुकूम नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला, लागतो, तोंडाचा कोपरा ओढला जातो, बोलणं जड होतं. हे कमी करंटलाच दिसलं, तर तार जागेवर नाही असं समजायचं. म्हणूनच ऑपरेशनमध्येच करंट वाढवून पाहतात. जीपीआय मोठा, त्यामुळे तिथे चूक थोडी पचते. पण खाली दृष्टीची नस जाते, आणि करंट तिच्यापर्यंत पोहोचला तर डोळ्यांपुढे चमक येते. शिवाय जीपीआयला करंट जास्त लागतो, बॅटरी लवकर उतरते.

एक उदाहरण घेऊ. दारव्हा तालुक्यातले एक काका, वय ५९, दहा वर्षांचा कंपवात, कपाशी-तुरीचं वावर. कंपवाताची मुख्य गोळी लेव्होडोपा दिवसाला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे फार नाही. पण गोळीचा असर चढला की अंग इतकं वेडंवाकडं हलतं की जेवताना भाजी अंगावर सांडते. रात्रभर गोळी न घेता तपासलं तेव्हा हालचालीच्या त्रासाचे गुण ४६, गोळीनंतर १८; गुण जितके कमी तितकं बरं. म्हणजे सुमारे ६१ टक्के सुधारणा. ३० टक्के तरी लागतेच, त्यामुळे ते ऑपरेशनला पात्र. गोळीने जे सुधारतं, तेच सहसा डीबीएसने सुधारतं. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल, तर तो दोन्ही जागांनी सावरेल अशी आशा नको. वर्षभर काका खिन्नही आहेत.

मी इथे जीपीआयकडे झुकेन. त्यांचा मुख्य त्रास अंगाची वेडीवाकडी हालचाल, आणि ती जीपीआय थेट दाबतं. एसटीएनमध्ये ती मुख्यतः गोळ्या कमी झाल्याने जाते. म्हणजे महिनोनमहिने करंट वाढव, गोळी घटव, पुन्हा बघ, आणि प्रत्येक वेळी नागपूर. गोळी घाईत कमी केली तर माणूस उत्साहच हरवून बसतो. आधीच खिन्न माणसासाठी तो धोका कशाला? याउलट गोळ्या १,२०० मिलिग्रॅमपर्यंत गेल्या असत्या, मन ठणठणीत असतं आणि गोळ्यांनीच गुंगी व मळमळ होत असती, तर मी एसटीएन म्हटलं असतं.

बॅटरीचा मुद्दा गावात जास्त बोचतो. साधी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांनी बदलावी लागते. चार्ज होणारी कितीतरी जास्त टिकते, पण ती घरीच नियमित भरावी लागते. लाईन चार तास गेली तरी चालतं, भरायचंच राहून गेलं तर चालत नाही. एसटीएनवर गोळ्या अगदी कमी झालेल्या माणसाची बॅटरी अचानक संपली, तर काही तासांत तो लाकडासारखा ताठ होऊ शकतो, गिळणंही अवघड होतं, आणि हॉस्पिटल लांब. जीपीआयवाल्याच्या गोळ्या बहुतेक चालूच असतात, तेवढा आधार उरतो. एसटीएन निवडलं, तर बंद पडल्यास कोणती गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्या गोळ्यांची एक पट्टी घरात कायम ठेवा.