एक्स्चेंज बोनस घ्यावा की जुना फोन वेगळा विकावा? दिवाळी सेलनंतर काही महिन्यांनी

नव्या फोनच्या पानावर एक्स्चेंजच्या चौकटीत जो "इतक्या रुपयांपर्यंत सूट" असा मोठा आकडा दिसतो, तो हिशोबातून आधी काढून टाका. तो आकडा बहुधा यादीतल्या सर्वांत महागड्या जुन्या फोनसाठीचा असतो. आपल्या मॉडेलचं नाव आणि स्थिती भरली की खरी रक्कम समोर येते. त्या रकमेतही दोन वेगळे पैसे मिसळलेले असतात: एक आपल्या जुन्या फोनची मूळ किंमत, दुसरा बोनस. मूळ किंमत जुन्या फोनवर ठरते. बोनस नव्या फोनवर ठरतो आणि तो कंपनीला नवा माल खपवायचा असतो म्हणून दिलेला असतो. हे दोन आकडे वेगळे लिहून काढल्याशिवाय वापरलेल्या फोनच्या बाजारभावाशी तुलनाच होत नाही.

एक उदाहरण घेऊ. नवा फोन ३५,००० रुपयांचा. जुना फोन तीन वर्षांचा, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजचा, खोकं आणि पक्कं बिल असलेला. एक्स्चेंजमध्ये त्याची मूळ किंमत ६,५०० दाखवली आणि वर बोनस ३,००० आहे. म्हणजे ९,५००. तोच फोन थेट गिऱ्हाइकाला घासाघीस होऊन ९,५०० ला जातो आणि दुकानदार ७,५०० देतो. वरवर पाहता एक्स्चेंज आणि थेट विक्री सारखीच, मग कटकट कशाला?

कटकट बँक ऑफरमुळे. कार्डावरची सूट आणि एक्स्चेंज बोनस दोन्ही एकत्र मिळतात की दोहोंपैकी एकच, हे अटींच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि सगळा निकाल तिथेच लागतो. समजा कार्डावरही ३,००० ची सूट आहे, पण "बँक सूट किंवा बोनस" अशी अट आहे. एक्स्चेंज केलं तर खिशातून २५,५०० जातात. कार्डाची सूट घेऊन जुना फोन थेट विकला तर ३५,००० वजा ३,००० वजा ९,५००, म्हणजे २२,५००. दुकानदाराला ७,५०० ला दिला तरी २४,५००. म्हणजे सर्वांत कमी भाव देणारा दुकानदारही एक्स्चेंजपेक्षा १,००० ने परवडतो. अशा अटीत बोनस हा बोनस नसतोच. कार्डाची सूट काढून घेऊन तेच पैसे दुसऱ्या नावाने दिलेले असतात.

दोन्ही सुटी एकत्र मिळत असतील तर मात्र पारडं फिरतं. तेव्हा एक्स्चेंजनेही २२,५०० च लागतात आणि अनोळखी माणसांचे फोन, भेटीगाठी, भाव पाडणं हे सगळं वाचतं. इथे एक्स्चेंज सरळ घ्यावं. फक्त कार्डाच्या ऑफरची किमान खरेदीची रक्कम तपासा. काही ऑफरमध्ये ती एक्स्चेंज वजा करून उरलेल्या रकमेवर मोजली जाते, आणि जुन्या फोनची किंमत जास्त असेल तर आपण त्या रेषेखाली घसरतो. टक्क्यांतली सूट असेल तर तीही लहान रकमेवर निघते. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरचा आकडा हाच खरा.

आता सर्वांत कामाची गोष्ट. बोनस बऱ्याचदा कोणता जुना फोन दिला यावर अवलंबून नसतो. यादीत बसणारा, चालू होणारा कोणताही फोन चालतो. त्यामुळे चांगला फोन देण्याऐवजी घरात पडून असलेला, मूळ किंमत ६०० रुपये दाखवणारा जुना फोन एक्स्चेंजला लावून बघा. ६०० अधिक ३,००० बोनस, म्हणजे ३,६००. चांगला फोन वेगळा ९,५०० ला विकला. दोन्ही सुटी एकत्र मिळत असतील तर नवा फोन १८,९०० ला पडतो. आधीच्या २२,५०० पेक्षा तब्बल ३,६०० ने कमी. सुटी एकत्र मिळत नसतील तरी २१,९००, म्हणजे कार्डाच्या मार्गापेक्षा ६०० ने स्वस्त. काही कंपन्या बोनससाठी ठरावीक ब्रँड किंवा मॉडेलांची अट घालतात. म्हणून चौकटीत घरातले सगळे जुने फोन एकेक करून टाकून बघायचे. पाच मिनिटांचं काम आहे.

मग तरीही एक्स्चेंजवर माझा राग का? दारातल्या तपासणीमुळे, आणि ही एक बाब मी इतर सगळ्यांपेक्षा वर धरतो. ऑर्डर देताना जो भाव दिसतो तो आपल्या उत्तरांवर आधारलेला असतो. खरा निकाल डिलिव्हरीला आलेला माणूस दारात उभा राहून लावतो. तो *#06# दाबून आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक जुळवतो, बटणं, कॅमेरा, स्पीकर बघतो आणि स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावतो. बरेच फोन इथेच अडकतात. कुरिअरवाल्या एक्स्चेंजमध्ये बऱ्याचदा मधला भाव नसतो: फोन घेतला किंवा नाकारला, दोनच पर्याय. नाकारला तर कापलेले सगळे पैसे तिथल्या तिथे भरायचे, नाहीतर ऑर्डर परत पाठवायची. परत पाठवली की सेलची किंमतही जाते. एका विक्रेत्याच्या हेल्पलाइनवर यावर वाद घालून झालेला आहे. उत्तर शेवटपर्यंत एकच, "तपासणाऱ्याचा निर्णय अंतिम". दुकानात एक्स्चेंज केलं तर निदान भाव कमी करून व्यवहार पुढे सरकतो.

त्यामुळे ती पांढऱ्या स्क्रीनची परीक्षा आपण आदल्या दिवशी घरी घ्यायची. टेम्पर्ड ग्लास काढा, कारण कोपऱ्यातली केसाएवढी चीर त्याखाली लपते. अमोलेड स्क्रीन असेल तर पूर्ण पांढरं चित्र पूर्ण ब्राइटनेसवर लावा, मग अंधाऱ्या खोलीत फिकट करडं चित्र कमी ब्राइटनेसवर. कीबोर्डच्या जागी किंवा खालच्या बटणांच्या पट्टीत सावली दिसते का, एका बाजूला गुलाबी वा हिरवट छटा आहे का, एखादी बारीक उभी रेघ आहे का ते बघा. अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे जे भाग सतत उजळलेले राहतात ते लवकर थकतात, आणि त्यातही निळा रंग सर्वांत आधी फिका पडतो. रोजच्या वापरात स्क्रीनवर चित्र सतत बदलत असल्याने हे डोळ्यांना जाणवत नाही. असं काही दिसलं तर प्रश्नांची उत्तरं भरताना स्क्रीनचा दोष आधीच नोंदवा. भाव कमी येईल, पण दारात नाही म्हणून ऐकावं लागणार नाही. थेट विक्रीत हाच दोष दाखवून सांगितला तर गिऱ्हाईक काही रक्कम कमी करून फोन घेतो. डाग असलेल्या फोनचं पारडं म्हणूनच थेट विक्रीकडे झुकतं.

दारातल्या अदलाबदलीची दुसरी अडचण वेळेची आहे. नवा फोन हातात येतो त्याच मिनिटाला जुना द्यायचा असतो. केबल लावून दोन फोन शेजारी ठेवून डेटा उतरवायला वेळच नसतो. सगळं आदल्या रात्री क्लाउडवर किंवा कॉम्प्युटरवर हवं. गुगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. फोटो आणि व्हिडिओ मिळून जागा भरली असेल तर बॅकअप अर्धवट राहतो. ऑथेंटिकेटर अॅपमधले कोड आधीच दुसरीकडे हलवा. यूपीआयसाठी सिम नव्या फोनमध्ये घालून पुन्हा नोंदणी करावी लागते आणि पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते. म्हणून त्या दिवशी मोठं पेमेंट ठेवू नका. बोनससाठी पडून असलेला फोन दिला तर ही अख्खी अडचण नाहीशी होते. रोजचा फोन सावकाश उतरवून निवांत विकता येतो.

फोन देण्याआधी पुसण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल खातं काढा, फोन बनवणाऱ्या कंपनीचं खातं असेल तर तेही काढा, स्क्रीन लॉक बंद करा आणि मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करा. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला तर फोन सुरू होताना जुनं खातं मागतो आणि तपासणारा तो लगेच नाकारतो. आयफोनमध्ये फाइंड माय बंद केल्याशिवाय हीच गत.

थेट विक्रीत सर्वांत मोठा तोटा भावात होत नाही, तारखेत होतो. सेलच्या जाहिराती सुरू झाल्या की त्याच मॉडेलचा किंवा त्याच्या पुढच्या मॉडेलचा नवा फोन स्वस्त दिसू लागतो आणि वापरलेल्याचा भाव त्या मागोमाग पडतो. त्यात सगळेच एकदम जुने फोन विकायला काढतात. दिवाळीत नवा घ्यायचा असेल तर जुना ऑगस्टमध्ये विकून मधले दिवस पडून असलेला फोन वापरणं फायद्याचं. मुंबईतल्या मनीष मार्केट किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी फिरून दोन-तीन दुकानदारांचे भाव विचारले की आपल्या फोनचा तळ कळतो. थेट गिऱ्हाइकाशी बोलताना त्याखाली उतरायचं नाही.

जाहिरातीत आयएमईआय आणि बिलाचा फोटो टाकू नका. पैसे "घेण्यासाठी" कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा; पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. समोरच्याच्या मोबाइलवरचा "पेमेंट यशस्वी" हा स्क्रीन पुरावा धरू नका, स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्यावरच फोन सोडा. घेणारा सावध असेल तर तो KYM, एक मोकळी जागा आणि १५ आकडी आयएमईआय असा मेसेज 14422 वर पाठवून फोन ब्लॉक केलेला आहे का ते बघेल. त्याच्यासमोर ते आपणच करून दाखवलं तर भाव पाडायचं एक कारण कमी होतं. शेवटी एका कागदावर तारीख, आयएमईआय, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि तो कागद नव्या फोनच्या बिलाजवळ ठेवा. जुन्या फोनचं बिल अजूनही आपल्याच नावावर असतं.