काड्यांच्या आकृतिबंधाची कार्यपत्रिका : सात महिने वर्गात वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली आमची जिल्हा परिषद शाळा. सहावी-सातवी एकाच खोलीत बसतात. ही कार्यपत्रिका मी जुलैपासून वापरतोय. काड्यांचा एक चौकोन करायचा, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. काड्या मोजायच्या, तक्ता भरायचा, 10वी आणि 100वी आकृती सांगायची आणि शेवटी कोणत्याही पदासाठी नियम लिहायचा. पावसाळ्यात काडीपेटी सादळते, शिवाय गुलाची भीती, म्हणून मी खराट्याच्या काड्या सारख्या कापून दिल्या.

मोजणीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. 4, 7, 10, 13 हे आकडे पटापट आले. अडलं ते नियमापाशी. अर्ध्याहून जास्त मुलांनी n + 3 लिहिलं. पहिल्या आकृतीला हा नियम जुळतोही, कारण 1 + 3 = 4, त्यामुळे मुलांना खात्रीच वाटते. दुसऱ्या आकृतीला मात्र 5 येतात आणि समोर काड्या 7 असतात. दोष तक्त्याचा आहे. त्यात नजर वरून खाली जाते, 'दर वेळी तीन वाढले' एवढंच दिसतं, आणि आकृतीचा क्रमांक नि काड्या यांचं नातं बाजूलाच राहतं.

दुसऱ्या वेळी मी तक्ता झाकला आणि रंगीत खडू दिले. पाच चौकोनांची आकृती काढून एका चौकोनाच्या काड्या एका रंगात रंगवायला सांगितल्या. मधली काडी कोणाची, यावर वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "सर, पयली उभी काडी एकटीच हाय, मंग प्रत्येकाले तीन-तीनच लागते." तिथेच 1 + 3n मिळालं. दुसऱ्या मुलाने आडव्या-उभ्या वेगळ्या केल्या: आडव्या 2n, उभ्या n + 1. दोघांचे नियम फळ्यावर शेजारी लिहून मुलांकडूनच बेरीज करवली. बैजिक राशींची बेरीज कशासाठी करायची, हे त्या दिवशी मला समजावून सांगावं लागलं नाही.

आणखी एक चूक हमखास होते. 10 चौकोनांना 31 काड्या, म्हणून 20 चौकोनांना 62. खरं उत्तर 61. दोन रांगा जोडल्या की सुरुवातीची एकटी काडी दोनदा मोजली जाते. हे तोंडी पटत नाही, दोन रांगा खरोखर जोडून एक काडी उचलावी लागते.

कार्यपत्रिकेतला शेवटचा प्रश्न वाढत्या जाळीचा आहे: 4, 12, 24 काड्या. इथे वाढ सारखी नाही, आधी 8 मग 12. सहावीला तो मी देत नाही. त्याऐवजी उलटा प्रश्न घालतो, जो यात असायलाच हवा होता: 50 काड्यांत किती चौकोन? मुलं आधी एक काडी बाजूला ठेवतात, उरलेल्या 49 चे तीन-तीनचे गट पाडतात. 16 चौकोन होतात आणि एक काडी हातात उरते.