सप्लायरच्या वरच्या साहेबांना फोन करावा की मेल?

भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या युनिटचं उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या फाउंड्रीला ४०० पंप-बॉडी कास्टिंगची ऑर्डर दिली, तारीख ठरली ५ जून. ९ जूनला २५० आली. मशीनिंग करताना त्यातल्या ३० मध्ये ब्लोहोल निघाले. उरलेली १५० कधी येणार असं विचारलं की सेल्स इंजिनिअर रोज म्हणतो, "उद्या गाडी निघतेय साहेब." आता प्लांट हेडपर्यंत जायचं हे नक्की, प्रश्न एवढाच की कसं.

फोनचा फायदा उघड आहे. माणूस लगेच सापडतो, आवाजातली निकड त्याला कळते आणि तो तिथल्या तिथे डिस्पॅचला हाक मारू शकतो. तुमची लाइन संध्याकाळपर्यंत थांबणार असेल तर सरळ फोनच करा. पण एरवी आधी फोन केला की गोची होते. प्लांट हेडला या ऑर्डरची काहीच माहिती नसते. तो "बघून सांगतो" म्हणतो आणि माहिती विचारतो त्याच सेल्स इंजिनिअरला. मग तुमची बाजू त्याच्या तोंडून पोचते.

मेलमध्ये हे होत नाही, कारण आकडे तुमचेच पुढे जातात. शिवाय कायद्याचाही एक मुद्दा आहे. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. नाही कळवली, तर मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजतात. आपल्या उदाहरणात हरकत कळवण्याची शेवटची तारीख २४ जून येते. फोनवर कितीही बोललात तरी ती लेखी हरकत होत नाही.

म्हणून माझं मत असं, की आधी मेल टाकावा आणि तासाभरात फोन करावा. मेल साधारण असा:

"नमस्कार साहेब. आमच्या ऑर्डरपैकी १५० कास्टिंग अजून बाकी आहेत. ठरलेली तारीख ५ जून होती. ९ जूनला २५० आली. त्यातल्या ३० नगांत मशीनिंगनंतर ब्लोहोल दिसले. हीट नंबर आणि फोटो सोबत जोडले आहेत. १० आणि १२ जूनला आपल्या सेल्स विभागाकडे विचारणा केली, नक्की तारीख मिळाली नाही. १८ जूनपर्यंत किमान ६० नग मिळाले तर आमची लाइन चालू राहील. हे शक्य आहे का, ते उद्या दुपारपर्यंत कळवावं ही विनंती. चांगल्या २२० नगांचं पेमेंट ठरल्याप्रमाणे होईल."

याच्या शेजारी रागात लिहिलेला मेल ठेवून बघा: "तुमच्याकडून नेहमीच उशीर होतो. क्वालिटीकडे तुमच्या लोकांचं लक्षच नाही." यातला 'नेहमीच' सगळ्यात महागात पडतो. मागची एखादी वेळेवर आलेली गाडी दाखवली की तुमचा मुद्दा कोसळतो, आणि चर्चा १५० नगांवरून जुन्या हिशेबावर जाते. 'लक्षच नाही' हाही तुमचा अंदाज. ब्लोहोल वाळूतल्या ओलाव्यामुळे आले, कोअरमधल्या वायूमुळे की आणखी कशाने, हे फाउंड्रीनंच शोधायचं आहे. त्यांना हीट नंबर द्या. त्यावरून त्या दिवशीचं मेल्टिंग आणि मोल्डिंगचं रेकॉर्ड त्यांना काढता येतं. पेमेंटच्या ओळीलाही वजन आहे. सगळं बिल अडवण्याची धमकी दिलीत तर प्लांट हेड फाइल अकाउंट्सकडे सरकवतो आणि माल तिथेच राहतो.

सेल्स इंजिनिअरला सीसीत ठेवायचं का? वगळलं तर साहेब मोकळेपणानं बोलतील असं वाटतं, पण पुढची गाडी भरून घेणारा माणूस तोच असतो. त्याला सीसीत ठेवा, आणि मेल टाकण्याआधी फोन करून सांगा: "तारीख मिळत नाही म्हणून साहेबांना लिहितोय, तुमच्याबद्दल तक्रार नाही." कित्येकदा त्यालाही आतून कोणी दाद देत नसतं; तुमचा मेल त्याच्याही कामी येतो.

मालक स्वतःच सगळं बघतो अशा लहान फाउंड्रीत मात्र क्रम उलटा करा. तिथे मेल कुणी उघडेलच असं नाही. आधी फोन करा, मग तेच आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आणि नोंदीसाठी मेलवरही पाठवा.

फोनवर तारीख ठरली की तेवढ्यावर थांबू नका. त्याच धाग्यात दोन ओळी टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे ६० नग १७ जूनला निघतील, उरलेले ९० आणि बदलीचे ३० नग २३ जूनला. काही वेगळं ठरलं असेल तर कृपया कळवावं." १७ तारखेला दुपारी गाडी नंबर आणि ई-वे बिल मागा. ते आलं नाही, तर गाडी भरलेली नाही असंच धरून चाला आणि त्याच संध्याकाळी पुन्हा फोन करा.